दोघांमधला पत्ता

रविवारी सकाळी महाराज कुणाचेही पत्ते बघत नसे. ती वेळ फोनची, म्हणजे चष्मेवालीची. एरवी त्या भाड्याच्या घरात, वरच्या मजल्यावरच्या त्याच्या चिंचोळ्या खोलीत, कुणी ना कुणी पडलेल्या चेहऱ्याने पलंगाच्या कडेला टेकलेलं असे आणि महाराज खाली मांडी घालून काळं कापड अंथरत असे.

महाराज हे टोपणनाव. घरातल्या पोरांनी पहिल्याच महिन्यात ठेवलेलं. आधी थट्टेनं 'महाराज, बसा', 'महाराज, चहा घ्या' असं चालायचं. पुढे अहो-जाहो गळून पडलं आणि 'ए महाराज, तुझी भांडी घास' एवढंच उरलं, पण नाव चिकटलं ते चिकटलं. परदेशात तो आला होता मातीचं शिकायला. म्हणजे मातीचा गोळा नळीत ठोकून बसवायचा, नळीतून अलगद काढून यंत्रात उभा करायचा, वरून दाब वाढवत न्यायचा आणि तो कुठे चिरतो ते टिपून ठेवायचं. असे शेकडो गोळे त्याने फोडले असतील. स्वतःवर मात्र त्याने कधी दाब येऊ दिला नाही.

लहानपणापासून हा असाच. निर्णय घ्यायचा म्हटलं की याच्या पोटात दुखायला लागायचं. शाळेनंतर काय शिकायचं ते वडिलांनी ठरवलं, कुठल्या कॉलेजात शिकायचं ते मामाने ठरवलं, आणि परदेशात जायचं हे मामाच्या मित्राने जेवता जेवता ठरवून टाकलं. प्रत्येक वेळी हो म्हणायला हा चुकला नाही आणि नंतर कुरकुरायलाही चुकला नाही. जमलं नाही तर 'मी कुठे म्हणत होतो' असं म्हणायची सोय त्याने आयुष्यभर राखून ठेवली. अशा माणसाच्या हाती एखादं साधन लागलं, की जे त्याच्या वतीने बोलतं आणि ज्याच्याशी कुणाला भांडता येत नाही, तर तो ते सोडेल कशाला?

ते साधन त्याला कॉलेजात असताना एका पुस्तकांच्या प्रदर्शनात सापडलं. टॅरोचा, म्हणजे भविष्य बघायच्या पत्त्यांचा कॅट, सोबत छोटी पुस्तिका. अठ्ठ्याहत्तर पत्ते. त्यातले बावीस मोठे, नावाचे: मूर्ख, जादूगार, शक्ती, मृत्यू, मनोरा, सूर्य असे. ते आयुष्यातल्या मोठ्या गोष्टी बोलतात. बाकीचे छप्पन्न छोटे, चार घराण्यांत वाटलेले. काठ्या म्हणजे धडाडी आणि काम, पेले म्हणजे मन आणि माया, तलवारी म्हणजे डोकं, बोलणं आणि जखमा, नाणी म्हणजे पोटापाण्याचं. प्रत्येक घराण्यात एक्क्यापासून दहापर्यंतचे पत्ते, आणि वर सेवक, स्वार, राणी, राजा. खेळायच्या पत्त्यांतही अशीच चार घराणी असतात, फक्त इथे प्रत्येक पत्त्यावर एक अख्खं चित्र असतं आणि चित्रातली माणसं कुठेतरी बघत असतात.

हे सगळं तो शिकला चष्म्याच्या एका दुकानाच्या मागच्या खोलीत. त्याच्या मित्राची धाकटी बहीण तिथे कामाला होती. समोरच्या भागात मालक गिऱ्हाइकांना फ्रेमा दाखवायचा आणि मागे ही काचा घासायची. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांतल्या दोन बाहुल्यांमधलं अंतर मोजून काचेवर मधला बिंदू टाकायचा, फ्रेमच्या आकारात काच कापायची, कड गुळगुळीत करायची आणि फ्रेम किंचित गरम करून काच तिच्यात बसवायची. दुपारी गिऱ्हाईक नसलं की काचांच्या पाकिटांच्या खोक्यावर हे दोघं पत्ते मांडायचे. तिचा विश्वास शून्य, पण चित्रं तिला फार आवडायची. याच्याआधी तिला पाठ झाली. पत्त्याचा अर्थ सांगताना हा अडखळला की ती डोळे तपासणाऱ्यासारखं विचारायची, "आता स्पष्ट दिसतंय, की मघाशी दिसत होतं?" आणि दोघं हसत सुटायचे. त्या हसण्यातच त्यांचं जमलं. घरी कुणाला पत्ता नव्हता. भाऊ नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेला तरी त्याचा मित्र घरी येत राहिला आणि तिची आई त्याला भावाचाच भाऊ समजून वाढत राहिली.

तर असा तो कॅट घेऊन महाराज परदेशात आला आणि इथे त्याचं चांगलंच फावलं. घरापासून दूर पडलेली पोरं ती. कुणाचं प्रेम अडलेलं, कुणाची परीक्षा अडलेली. महाराज शांतपणे सगळं ऐकून घ्यायचा. त्याचे काही नियम होते आणि ते तो सगळ्यांना आधी ऐकवायचा. 'होईल का, नाही का' असा प्रश्न विचारायचा नाही, कारण पत्ते हो-नाही सांगत नाहीत, काय चाललंय ते दाखवतात. कुठल्या जागेचा पत्ता कशाबद्दल बोलणार ते काढण्याआधी ठरवायचं. एकदा पत्ते पडले की जागा बदलायच्या नाहीत. एकच प्रश्न त्याच दिवशी पुन्हा विचारायचा नाही, आवडलं नाही म्हणून तर मुळीच नाही. आणि शेवटचा नियम, जो तो डोळे मिटून सांगायचा: पत्ता दिसेल तो सांगायचा, त्यात घट नाही की वाढ नाही. ऐकणाऱ्याला वाटायचं, केवढा सच्चा माणूस.

गोल्यालाही असंच वाटलं होतं. गोल्या खालच्या खोलीत राहायचा. अभ्यास झेपत नव्हता, रडकुंडीला आला होता, आणि सोडून घरी जाऊ का असं त्याने महाराजाला विचारलं. महाराजाला खरं तर त्याची खोली हवी होती, कारण तिला मोठी खिडकी होती. आता हे त्याने मनात तरी कबूल केलं असेल की नाही, देव जाणे. पत्ते पडले ते दोन्ही बाजूंनी वाचता येण्यासारखे होते. महाराजाने एकाच बाजूने वाचले. गोल्या गेला. पुढे त्याचा निरोप आला, की घरी तोंड दाखवायची सोय उरली नाही आणि परत यायची वाट बंद झाली. महाराज हळहळला आणि म्हणाला, "मी काय सांगितलं? पत्त्यांनी सांगितलं." खोली शेवटी दुसऱ्यालाच मिळाली, ती गोष्ट वेगळी.

आता या रविवारचं. चष्मेवालीला स्थळ आलं होतं. औषधांच्या दुकानाचा मालक, शांत, घरात मोजकी माणसं, वाईट म्हणायला काही जागा नाही. घरचे तिच्या मागे लागले होते आणि ती आज बघू, उद्या बघू करत होती. गेल्या रविवारी तिने महाराजाला सगळं सरळ सांगितलं. तिचं बोलणं तिच्या कामासारखंच असायचं, कडा घासून गुळगुळीत केलेलं, पण आत नंबर पक्का. ती म्हणाली, घरी आपल्याबद्दल मी सांगेन, आरडाओरडा होईल तो मी सोसेन, तुझ्या आईवडिलांकडेही मीच जाईन. तू यातलं काही करू नकोस. तू फक्त पुढच्या रविवारी मला एक शब्द म्हण: थांब. तो म्हटलास की मी थांबते, किती का वर्षं लागेनात. नाही म्हटलास तर मी त्यांना होकार कळवते, कारण ते लोक याच रविवारपर्यंत थांबणार आहेत.

एक शब्द. दोन अक्षरी. कुणालाही वाटेल यात अवघड ते काय. आणि महाराजाचं तिच्यावर प्रेम नव्हतं असंही नाही. रात्री झोपताना तिचा आवाज आठवल्याशिवाय त्याला झोप येत नसे. पण 'थांब' म्हटलं की ते आपण म्हटलं असं होणार. उद्या ती वाट बघून कंटाळली तर आपल्यामुळे. घरात भांडणं झाली तर आपल्यामुळे. इथे अजून राहायची संधी आली आणि ती सोडावी लागली, तर तेही आपणच म्हटलेल्या शब्दामुळे. आठवडाभर तो विचार करत फिरला. प्रयोगशाळेत एक गोळा यंत्रात तसाच विसरून आला आणि सरांची बोलणी खाल्ली. शेवटी त्याने तेच केलं जे तो नेहमी करायचा. ठरवायचं काम दुसऱ्यावर टाकलं.

रविवारी सकाळी त्याने दाराला कडी घातली, खिडकीचा पडदा सारला, जमिनीवरचे मोजे पलंगाखाली ढकलले आणि काळं कापड अंथरलं. फोन बाजूला, स्क्रीन वर करून ठेवला. फोन यायला अजून वेळ होता. मनात धाकधूक असताना स्वतःचे पत्ते स्वतः बघू नयेत हे पुस्तिकेतच लिहिलेलं आहे आणि तो ते इतरांना बजावून सांगायचा. पण आज कोण बघणार होतं?

निदान बाकी सगळं त्याने रीतसर केलं. आधी सगळे पत्ते पालथे पसरले आणि दोन्ही तळव्यांनी कापडावर गोल गोल फिरवले, म्हणजे काही सुलटे, काही उलटे होतात आणि नशिबाला दोन्ही बाजू मोकळ्या राहतात. मग गोळा करून हातात पिसले. पिसताना प्रश्न मनात धरायचा असतो. त्याने धरला: आमच्या दोघांत आज काय आहे, आणि मी काय बघायला हवं? प्रश्न चांगला होता, त्यात खोट नव्हती. जागाही आधीच ठरवल्या. डावीकडे मी, उजवीकडे ती, आणि मधल्या जागेवर दोघांमधलं जे आहे ते. मग कॅट खाली ठेवून डाव्या हाताने तीन ढीग केले, उलट्या क्रमाने पुन्हा एकावर एक रचले, पंख्यासारखे पसरले, आणि जिथे बोट थबकलं तिथून एकेक असे तीन पत्ते ओढून जागच्या जागी पालथे ठेवले.

उलगडताना पत्ता पुस्तकाच्या पानासारखा बाजूने उलटायचा. खालून वर उलटला तर सुलटा पत्ता उलटा होऊन बसतो आणि अर्थ फिरतो. नवखे लोक इथेच चुकतात. महाराजाने डावीकडचा पत्ता अलगद बाजूने उलटला.

चार पेले, सुलटा. झाडाखाली एक तरुण हाताची घडी घालून बसलाय. समोर तीन पेले मांडलेत. ढगातून एक हात येऊन चौथा पेला त्याच्या तोंडाशी धरतोय, आणि हा शहाणा मान खाली घालून गवताकडे बघतोय. आपल्याला दिलं जातंय ते न बघणारा माणूस. दुसऱ्या कुणाला हा पत्ता आला असता, तर महाराज मिश्किल हसून म्हणाला असता, "मान वर कर रे बाबा."

उजवीकडे, तिच्या जागी, शक्ती. मोठा पत्ता, सुलटा. पांढऱ्या कपड्यातली बाई वाकून सिंहाचा जबडा हाताने मिटतेय. ओढाताण नाही, चाबूक नाही, चेहऱ्यावर साधा ताणसुद्धा नाही. धीर आणि हिंमत. आठवडाभर घरच्यांना 'उद्या बघू' म्हणत थोपवून धरणाऱ्या मुलीसाठी याहून नेमकं काय येणार होतं?

आणि मधे, दोन पेले. तोही सुलटा. एक मुलगा, एक मुलगी, समोरासमोर, एकमेकांपुढे पेला धरून उभे. मुलाचा हात पुढे झालेला. त्यांच्या डोक्यावर पंखांचं सिंहमुख. हा पत्ता आला की महाराज लोकांना पुस्तिका न उघडता सांगायचा: बरोबरीची जोडी, दिलेला शब्द, हातात हात.

तिन्ही पत्ते एकत्र बघायचे असतात, सुटे सुटे नाही. त्याने बघितले. तलवार एकही नाही, उलटा एकही नाही. दोन पत्ते पेल्यांचे, म्हणजे सगळा मामला मनाचा आहे आणि मन भरलेलं आहे. तिच्या पत्त्यातला सिंह मधल्या पत्त्यातही आहे, म्हणजे दोघांमधलं जे आहे ते तिच्या बळावर उभं आहे. आणि डावीकडचा तो तेवढा गवताकडे बघतोय. वर्षभरात इतक्या जणांचे पत्ते त्याने बघितले, पण इतकं साफ उत्तर कुणाला मिळालं नव्हतं. डोळे तपासायच्या तक्त्यावरची सगळ्यात खालची ओळ चष्म्याशिवाय वाचता यावी इतकं साफ. पेला समोर आहे, हात पुढे कर.

महाराजाला कळलं की त्याने पत्त्यांना विचारलंच नव्हतं. त्याला पत्त्यांकडून नकार वदवून घ्यायचा होता. तलवारी आल्या असत्या, मनोरा कोसळला असता, तर तो डोळे पुसत म्हणाला असता, काय करणार, पत्तेच असे पडले. पत्त्यांनी मात्र त्याची फजिती केली होती. मग त्याच्या डोक्यात कारणं यायला लागली. पिसणं नीट झालं नाही. पडद्यातून ऊन येत होतं. आणखी एक पत्ता काढून खुलासा मागावा का? त्याने कॅटकडे हात नेला आणि मागे घेतला, कारण तोही चांगलाच निघाला तर? शेवटी त्याने तिन्ही पत्ते उचलले, कॅटमध्ये खुपसले आणि वरून पुन्हा पिसले. जणू काही पडलेच नव्हते.

मग तो दुसरे तीन पत्ते जुळवत बसला. काढत नव्हता, मनात जुळवत होता. यात मात्र त्याचं डोकं फार चाललं. सगळेच भयंकर सांगितले तर ती हसेल. तेव्हा पहिला, स्वतःच्या जागी, आठ पेले: रचून ठेवलेले पेले मागे सोडून डोंगराकडे निघालेला माणूस. दुःख आहे, पण नाइलाज आहे. तिच्या जागी सहा पेले, उलटा: जुन्या आठवणींत अडकून पडलेलं मन. म्हणजे दोष थोडा तिच्याकडेही गेला. आणि मधे, ज्याबद्दल वाद घालायला जागाच नाही असा पत्ता, तीन तलवारी. लाल बदाम आणि त्यातून आरपार गेलेल्या तीन तलवारी. ज्याने टॅरो कधी बघितलेलाही नाही, त्यालाही तो पत्ता बघून कळतं की संपलं.

फोन वाजला. त्याने चित्र बंद ठेवून नुसता आवाज घेतला. रेंज नाही म्हणाला. तिला दिसत असताना खोटं बोलणं त्याला जमत नसे.

सुरुवातीला इकडचं तिकडचं झालं. ती घरीच होती, सुट्टी होती, आई आत कपाट आवरत होती. दुपारी ते लोक फोन करणार होते. मग ती म्हणाली, बोल. महाराजाने घसा खाकरला आणि पत्त्यांची गोष्ट काढली. तुझ्यासाठीच काढले, म्हणाला, मन लावून काढले. पहिला सांगितला, दुसरा सांगितला, सुलट-उलट सांगितलं, आवाज हवा तिथे जड केला. ती मधे एकदा "हं" म्हणाली. मग तो म्हणाला, "आणि मधे, आपल्या दोघांमधे, तीन तलवारी आल्या गं. मला बोलवत नाहीये. पण पत्ते कधी खोटं बोलत नाहीत, तुला माहितीये."

पलीकडे टेबलावर काहीतरी ठेवल्याचा हलका आवाज आला.

"तीन तलवारी," ती म्हणाली. "सुलटा?"

"सुलटा."

"आत्ता तुझ्या समोर आहे?"

"समोरच आहे."

"कसा दिसतो, सांग."

त्याने सांगितलं. लाल बदाम, तीन तलवारी, मागे करडे ढग, तिरका पाऊस. इतकं चांगलं सांगितलं की त्याचं त्यालाच भरून आलं.

"बरोबर," ती म्हणाली. "वरच्या डाव्या कोपऱ्यावर चहाचा डाग पण आहे. तो तू नाही सांगितलास. माझ्यासमोर आहे तो पत्ता. तू जायच्या आदल्या दिवशी दुकानात आलास, मालकाशी बोलत बसलास, तेव्हा मी तुझ्या कॅटमधून काढून घेतला. म्हटलं, हा एवढा एक तुझ्या हाती लागायला नको. तिकडे एकटा असशील, कधी आपले पत्ते काढशील, हा आला तर उगाच घाबरशील. दुकानात काचांच्या खणात ठेवला होता, आज तू बोलणार म्हणून काल घरी आणला. तुझ्या लक्षात येईल, विचारशील, मग सांगीन, असं वाटायचं. तू विचारलंच नाहीस."

महाराजाने खाली बघितलं. कॅट त्याच्या मांडीवर होता. वर्षभर त्याने तो रोज हाताळला होता, शेकडो वेळा पिसला होता, मन मोडलेल्या पोरापोरींसमोर मांडला होता, आणि मन मोडल्याचा पत्ताच त्यात नव्हता. तो कधी येत नाही म्हणून घरातली पोरं म्हणायची, महाराजाचा हात शुभ आहे. महाराजालाही ते पटलं होतं.

नवा कॅट घेतलाय असं म्हणावं, असा विचार त्याच्या मनात येऊन गेला. तेवढ्यात ती म्हणाली, "खरे कुठले आले होते?"

तिच्या आवाजात राग असता तर त्याने भांडण तरी काढलं असतं. राग नव्हता. त्याने सांगितले. चार पेले, शक्ती, आणि मधे दोन पेले. तिन्ही सुलटे. सांगताना त्याचा आवाज खरोखरच जड झाला होता, यावेळी न करता.

"म्हणजे सिंह दोन्हीकडे," ती म्हणाली. तिला चित्रं पाठ होती. "एवढे चांगले आले?"

"हो."

"मग?"

आता तरी म्हणायचं. आता खोटं उघडं पडलं होतं, लाज निघून गेली होती, झाकायला काही शिल्लक नव्हतं. दोन अक्षरं. ती थांबली असती. एवढं होऊनही ती थांबली असती, आणि हे त्याला माहीत होतं. सगळ्यात वाईट तेच होतं. महाराज म्हणाला, "पत्ते म्हणजे काय सगळं नसतं गं."

ती हसली. दुकानाच्या मागच्या खोलीत हसायची तसं नाही, नाकातून श्वास सोडल्यासारखं. पुढे ती काही बोलली ते त्याच्याशी नव्हतं. फोन तसाच चालू ठेवून तिने आत हाक मारली, "आई, त्यांना हो कळव."

महाराजाला सगळं ऐकू येत होतं. कपाटाचं दार आपटल्याचा आवाज, "खरंच का गं?" असं तिच्या आईचं, मग घाईघाईने जवळ येणारी पावलं, आई रडत होती की हसत होती ते कळेना. मुलगी आईला काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. मग फोन कुणीतरी उचलला.

"कोण आहे? अगबाई, तू होय रे." काकूंनी फोनवरचं नाव वाचलं होतं. "तरी म्हटलं, आज हिने एकदम हो कसं म्हटलं. आठवडाभर तोंडाला कुलूप लावून बसली होती. तू समजावलंस ना तिला? ती तुझंच ऐकते बघ, आमचं कुणाचं नाही ऐकत."

ठेच लागल्यावर क्षणभर काहीच दुखत नाही, तसं महाराजाचं झालं होतं. त्या क्षणात त्याला जे जाणवलं ते हायसं वाटणं होतं. ठरलं. आपण ठरवलं नाही आणि तरी ठरलं. मग दुखायला लागलं.

"हो काकू," तो म्हणाला.

"देव तुझं भलं करो. माझा पोटचा मुलगा लांब, तो काही वेळेला यायचा नाही, पण तुला यायचंच आहे हं. तू घरचा. तिच्या पाठीशी भाऊ म्हणून उभं राहायचंस." काकू थांबून नाक ओढत होत्या. पलीकडे पाण्याचा नळ सुरू झाल्याचा आवाज आला. "अरे, ती तर उठून आत गेली. तोंड धुतेय. आता काही फोनवर यायची नाही, लाजली असेल. बोल, काही निरोप सांगू का तिला?"

नळ वाहत होता. महाराजाने फोन कानाला घट्ट दाबून धरला होता. मांडीवरचा कॅट घसरून पत्ते कापडावर पसरले, काही सुलटे, काही उलटे, आणि त्याने त्यांच्याकडे बघितलं नाही.

"बाळा, ऐकतोयस ना? काही सांगायचंय का तिला?"

"नाही काकू," तो म्हणाला. "विशेष काही नाही."